नम्र विनंती, दंडासहित

देशात कुठंही भरलेलं प्राप्तिकराचं रिटर्न शेवटी बेंगळुरूला येतं. काश्मीरचं असो, केरळचं असो की कोल्हापूरचं, सगळ्यांची छाननी करणारं केंद्र याच शहरात आहे आणि त्याला ५६०५०० असा खास पिनकोडही आहे. वर्षाला सात कोटींहून जास्त रिटर्न या शहराचा पत्ता न चुकता शोधून काढतात. त्याच शहरात, हेब्बाळच्या एका दर्शिनीच्या माडीवर बसून, मी मात्र समोरच्या अपार्टमेंटमधल्या क्लायंटच्या फॉर्म सोळाची वाट बघत असतो. खिडकीतून त्यांची गॅलरी दिसते. गॅलरीत ते स्वतः दिसतात. हातात फोनही असतो. फक्त फॉर्म सोळा येत नाही.

सीए माणूस आकडेमोड करतो असा लोकांचा समज आहे. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. सीएचा जून ते सप्टेंबर जातो तो आठवण करून देण्यात, आणि आठवण अशी करून द्यायची असते की माणूस हलला तर पाहिजे, पण दुखावता कामा नये. हलवण्यासाठी दंडाचं नाव घ्यावं, तर तो म्हणतो, ‘सर, धमकी कशाला देताय?’ न घ्यावं, तर तो म्हणतो, ‘अर्जंट आहे हे आधी सांगायचं ना!’ या दोन वाक्यांच्या मधल्या बोळातून मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वाट काढणं, हा माझा खरा व्यवसाय.

हेब्बाळ तर या कामासाठी मुद्दाम वसवल्यासारखं आहे. एका बाजूला विमानतळाचा रस्ता, दुसऱ्या बाजूला मान्यता टेक पार्क, मध्ये तो जगप्रसिद्ध उड्डाणपूल. इथला प्रत्येक माणूस कुठंतरी पोचायच्या बेतात असतो. ‘सर, हेब्बाळ फ्लायओव्हरवर अडकलोय, घरी गेल्यावर पाठवतो’ हे उत्तर मी इतक्यांदा वाचलंय की एकदा न राहवून म्हटलं, ‘पीडीएफला ट्रॅफिक लागत नाही हो.’ ऑगस्ट २०२५ मध्ये पुलाचा नवा लूप सुरू झाला तेव्हा सगळ्या शहराला हायसं वाटलं; मला वाटलं, आता लोक नवीन कारण शोधतील. शोधलंच. ‘सर, नवीन लूपवर चुकीच्या बाजूला उतरलो.’

कन्नड क्लायंटचं उत्तर त्यामानानं सुटसुटीत असतं. ‘नाळे कोडतीनि सर.’ उद्या देतो. नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या गावांमध्ये एक भूत रात्री दारावर थाप मारून ओळखीच्या आवाजात हाक मारतं अशी वदंता होती. त्यावर उपाय म्हणून लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, उद्या ये, असं लिहून ठेवलं. भूत बिचारं रोज यायचं, पाटी वाचायचं आणि उद्या यायचं ठरवून परत जायचं. ही गोष्ट ऐकून लोकांना भीती वाटते. मला त्या भुताबद्दल सहानुभूती वाटते, आणि थोडा हेवाही, कारण त्याला निदान ३१ जुलै ही तारीख नव्हती.

आता कोणी विचारेल की एवढी घाई होते तर एप्रिलपासूनच कागद का मागत नाही? कारण एप्रिलमध्ये पगारदारांकडे मागण्यासारखे कागदच नसतात. कंपनीनं कापलेल्या कराचं शेवटच्या तिमाहीचं विवरण भरायची मुदत ३१ मे. ते भरलं की जूनच्या सुरुवातीला ती कपात सरकारी नोंदीत दिसू लागते, आणि फॉर्म सोळा हातात द्यायला कंपनीला १५ जूनपर्यंत मुभा. म्हणजे ३१ जुलैची मुदत कागदावर चार महिन्यांची. प्रत्यक्षात सहा आठवड्यांची. या सहा आठवड्यांत मुलांची शाळा सुरू होते, ऑफिसात तिमाहीचा शेवट येतो आणि आषाढही येतो. आषाढात कर्नाटकात लोक शुभकार्य करत नाहीत. रिटर्न भरणं हे शुभकार्य आहे असं एरवी कोणी मानत नाही, पण आषाढात मानतात.

आठवणीची भाषा ठरवताना मी पहिल्यांदा सरकारी मराठीचा आश्रय घेतला. ‘आपणांस कळविण्यात येते की, आवश्यक कागदपत्रे विहित मुदतीत सादर करावीत, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल.’ मजकूर निर्दोष होता. परिणाम असा झाला की एका क्लायंटच्या सासूबाईंनी तो वाचून घरातल्या बादल्या भरून ठेवल्या. त्यांना वाटलं नळ तोडणार आहेत. दुसऱ्या घरात तो सरळ ब्लॉक झाला. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ असे भामट्यांचे मेसेज सगळ्यांनी पाहिलेले आहेत. घाई, दंड, लिंक आणि ‘ताबडतोब’ हा त्यांचा मसाला. माझ्या मेसेजमध्ये लिंक सोडून बाकी सगळं होतं. एका सावध गृहस्थांनी मला फोन करून विचारलं, ‘सर, तुमच्या नावानं कोणीतरी फॉर्म सोळा मागतंय. दिला नाही मी. बरोबर केलं ना?’ त्यांचं कौतुक करावं की कपाळाला हात लावावा, हे ठरेपर्यंत त्यांनी फोन ठेवला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. सकाळी सात वाजता सूर्योदयाचं चित्र, त्याखाली गुलाबाचं फूल आणि फुलाखाली बारीक अक्षरात ‘आपला फॉर्म १६ व बँकेचे व्याज प्रमाणपत्र मिळाल्यास आनंद होईल.’ हा मेसेज कोणालाही धमकी वाटला नाही. कोणालाही काहीच वाटलं नाही. बऱ्याच जणांनी उलट गुलाब पाठवला. एका काकूंनी संध्याकाळी शुभरात्रीचं चित्रही पाठवलं, आणि आमचा हा फुलांचा व्यवहार पुढं महिनाभर चालला, कागदाशिवाय.

यातून एक गोष्ट लक्षात आली. सर्वांना एकदम पाठवलेली आठवण नेहमी चुकीच्या माणसाला लागते. माझ्याकडे जलहळ्ळीच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका येतात. पासबुकं, व्याजाचे दाखले, पेन्शनचा कागद, विम्याच्या पावत्या, सगळं कापडी पिशवीत घालून ते एप्रिलमध्येच हजर होतात. मी ‘उशीर केल्यास दंड’ असा मेसेज सर्वांना पाठवला की ज्यांच्यासाठी तो लिहिला ते लोक तो उघडतही नाहीत, आणि ज्यांचं रिटर्न भरून परतावासुद्धा आलाय ते काका मात्र दुसऱ्या दिवशी साडेनऊला रक्तदाबाच्या गोळ्यांसह माझ्या दारात उभे असतात. ‘काही राहिलंय का रे माझं?’ म्हणून विचारतात. त्यांना कॉफी पाजून, पोचपावती दाखवून घरी पाठवेपर्यंत अर्धी सकाळ जाते. दंडाची भीती ज्याला वाटते त्याच्यावर दंडाची वेळ येत नाही, आणि ज्याच्यावर वेळ येते त्याला ती भीती वाटत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनीच अडचण आहे.

भीती न वाटण्याचं कारणही तसंच आहे. मुदत चुकली तर विलंब शुल्क पाच हजार रुपये. उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार. मान्यतातल्या माणसासाठी पाच हजार म्हणजे शनिवारी संध्याकाळी कुटुंबासह जेवून आल्याचं बिल. तो मनातल्या मनात हिशेब करतो की कागद शोधायला एक रविवार जाणार, त्यापेक्षा पाच हजार परवडले. पाच हजारांची धमकी दिली तर सीए चिडका ठरतो आणि माणूस जागचा हलत नाही, असा दोन्हीकडून तोटा.

गंमत अशी की खरं नुकसान त्या पाच हजारांत नसतंच. ते शेजारच्या कलमात निमूट बसलेलं असतं, आणि त्याबद्दल कोणी कोणाला धमकावत नाही. माझ्या एका क्लायंटचा हिशेब सांगतो. नाव सांगत नाही. मूळचे पुण्याचे, नोकरी मान्यतात, घर हेब्बाळ केंपापुरात भाड्यानं, स्वतःचा फ्लॅट पुण्यात, आणि त्यात आईवडील राहतात. आपण त्यांना साहेब म्हणू. तेही मला साहेबच म्हणतात, त्यामुळे आमच्या संभाषणात नेमकं कोण कोणाला बोलतंय हे बाहेरच्याला कळत नाही.

साहेबांचा २०२४-२५ चा पगार चोवीस लाख. त्यातलं मूळ वेतन बारा लाख. भाडं महिना पंचेचाळीस हजार, म्हणजे वर्षाचं पाच लाख चाळीस हजार. त्यातून मूळ वेतनाचा दहा टक्के हिस्सा, एक लाख वीस हजार, वजा केला की चार लाख वीस हजारांची घरभाड्याची सूट. भविष्य निर्वाह निधी वगैरे मिळून दीड लाख. पुण्याच्या फ्लॅटच्या कर्जावरचं व्याज दोन लाख. स्वतःच्या कुटुंबाचा आरोग्य विमा पंचवीस हजार आणि ज्येष्ठ आईवडिलांचा पन्नास हजार. वर प्रमाणित वजावट पन्नास हजार. एवढं सगळं जुन्या पद्धतीत वजा केलं की करपात्र उत्पन्न उरतं १५,०५,००० आणि उपकरासह कर होतो २,७४,५६०.

नव्या पद्धतीत यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट घ्यायची आणि गप्प बसायचं. करपात्र उत्पन्न २३,२५,००० आणि कर ४,०३,०००. फरक १,२८,४४० रुपयांचा.

आता ते निमूट बसलेलं कलम. कायद्याच्या दृष्टीनं नवी पद्धत हीच मूळ. पगारदाराला जुनी हवी असेल तर ती रिटर्नमध्ये निवडावी लागते आणि ते रिटर्न मुदतीच्या आत भरावं लागतं. मुदत टळली की निवड संपली. वर्षभर कंपनीला ‘मी जुन्या पद्धतीतला’ असं सांगितलेलं असलं, त्याप्रमाणे कर कापला गेला असला, तरी उशिरा भरलेलं रिटर्न नव्याच पद्धतीनं मोजलं जातं. म्हणजे साहेबांचा एका दिवसाचा उशीर पाच हजारांना पडणार नव्हता. तो सव्वा लाखाच्या वर जाणार होता, आणि शिवाय अपुऱ्या भरलेल्या करावर व्याज.

एवढं असून अडलं होतं काय, तर आईवडिलांच्या आरोग्य विम्याची पावती. तो हप्ता साहेबांनी कंपनीला सांगितलाच नव्हता, त्यामुळे फॉर्म सोळात तो नव्हता. ‘अहो, पण बाकी सगळं फॉर्म सोळात आहे ना?’ साहेब म्हणाले. आहे, पण २०२५ च्या रिटर्नमध्ये नुसता आकडा चालत नव्हता. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक द्या, कर्ज कोणत्या बँकेचं आणि खातं कोणतं ते सांगा, भाड्याचा तपशील भरा, अशी विचारपूस त्या वर्षी वाढली होती. पॉलिसीचा कागद पुण्यात वडिलांच्या कपाटात होता. कपाटाची किल्ली आईकडे होती. आई गाणगापूरला गेल्या होत्या.

परदेशी शेअरवाल्यांना आठवण करून देणं तर याहून नाजूक. अमेरिकन कंपन्यांत काम करणाऱ्या मुलांना पगाराबरोबर कंपनीचे शेअर मिळतात. ते अमेरिकेतल्या खात्यात पडून असतात आणि मालकाला त्यांची आठवण शेअरचा भाव वर गेला की येते. हे शेअर रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात. तिथं आपलं एप्रिल ते मार्च चालत नाही. जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब लागतो. वर्षात सर्वांत जास्त किंमत किती होती आणि वर्षअखेरीस किती होती हेही लागतं. हे न दाखवल्यास ज्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, त्याचं २०१५ सालचं नावच काळ्या पैशाचा कायदा असं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून वीस लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला त्या दंडातून सवलत मिळाली, पण कायद्याचं नाव काही बदललं नाही. आता एका पापभीरू, शाकाहारी, वर्षातून दोनदा तिरुपतीला जाणाऱ्या इंजिनिअर मुलाला ‘तुझे चाळीस शेअर काळ्या पैशाच्या कायद्यात बसतात’ हे धमकी न वाटेल अशा शब्दांत कसं लिहायचं? मी ‘परदेशी खात्याचं वार्षिक विवरण पाठवा, जानेवारी ते डिसेंबर २०२४’ एवढंच लिहितो. तो विचारतो, ‘कशाला सर?’ मी म्हणतो, ‘माहितीसाठी.’ तो निर्धास्त होऊन विसरून जातो.

या बाबतीत प्राप्तिकर खातं माझ्यापेक्षा फार हुशार निघालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये खात्यानं परदेशी मालमत्ता असलेल्या करदात्यांना एसएमएस आणि ईमेल पाठवले. सूर असा की आमच्याकडे अशी अशी माहिती आली आहे, आपण एकदा आपलं रिटर्न तपासून बघाल का? जनजागृती मोहीम म्हणतात तिला. ज्यांच्या हातात नोटीस, व्याज, दंड, खटला सगळं आहे ते इतकं अदबीनं बोलतात की ऐकणाऱ्याला घाम फुटतो. आणि माझ्या हातात दर्शिनीतल्या फिल्टर कॉफीच्या लोट्याखेरीज काही नाही, तर माझं ‘कृपया’ सुद्धा लोकांना दमदाटी वाटतं. ज्याच्या खिशात दांडका असतो त्याचा आवाज मऊ राहू शकतो, हे मला त्या ईमेलनं शिकवलं.

त्यात २०२५ साल आलं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पानं शेअर विक्रीच्या नफ्यावरचे दर वर्षाच्या मध्येच, २३ जुलैपासून, बदलले होते. रिटर्नचे फॉर्म बदलावे लागले, सॉफ्टवेअर बदलावं लागलं, आणि २७ मे रोजी जाहीर झालं की ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे. कारण रास्त होतं. पण त्या एका घोषणेनं माझी वर्षानुवर्षांची पत धुळीला मिळाली. मी मेच्या मध्यात सगळ्यांना ‘३१ जुलै ही अंतिम तारीख आहे’ असं कळवून बसलो होतो. मुदत वाढल्याची बातमी मला क्लायंटकडूनच आली, सोबत हसरा चेहरा. ‘उगाच घाबरवत होता साहेब!’ आता अंतिम हा शब्द मी उच्चारला तरी लोक खांदे उडवतात. खरंतर २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी ३१ जुलै जागची हललेली नव्हती; २०२४ ला त्या एका दिवसात जवळजवळ सत्तर लाख लोकांनी रिटर्न भरले. पण लोकांना न वाढलेली वर्षं आठवत नाहीत, वाढलेलं एक वर्ष पिढ्यान्‌पिढ्या आठवतं.

वाढलेले सहा आठवडे माझ्या क्लायंटनी ज्या शिस्तीत घालवले ते पंचांगात बघण्यासारखं आहे. जुलैच्या शेवटी आषाढ संपला, म्हणून ‘आता श्रावण सुरू झालाय, सोमवारपासून बसतो.’ श्रावणात उपास, पूजा, वरलक्ष्मी व्रत. मग २६ ऑगस्टला गौरी हब्बा, २७ ला गणपती. ‘बाप्पा गेले की पहिलं तुमचंच काम.’ ६ सप्टेंबरला बाप्पा गेले आणि लगेच पितृपक्ष सुरू झाला. ‘पितृपक्षात पैशाचे व्यवहार नको म्हणते आई.’ १५ सप्टेंबर पितृपक्षात येतो हे दिल्लीत कोणी पाहिलं नसावं. मी एका काकूंना म्हटलं, रिटर्न हे गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचं असतं, म्हणजे तसं पाहिलं तर तेही दिवंगतच. त्याचं श्राद्ध याच पंधरवड्यात योग्य. त्यांना पटलं. माझ्या कारकिर्दीत धमकी, विनंती आणि गुलाबाचं फूल या तिन्हींपेक्षा जास्त चाललेला युक्तिवाद तोच.

साहेबांची पावती १२ सप्टेंबरपर्यंत आली नव्हती. तेव्हा मी सगळे सूर बाजूला ठेवले. ‘कृपया’ काढलं, ‘तातडीनं’ काढलं, ‘अन्यथा’ काढलं, दंडाचं नाव घेतलं नाही. फक्त त्यांच्यापुरता मेसेज लिहिला: ‘एकच कागद बाकी आहे, आईवडिलांच्या विम्याची पावती. ती रविवारी सकाळपर्यंत मिळाली तर १५,६०० रुपये परत येतील. ती न मिळता रिटर्न मुदतीत भरलं तर परतावा शून्य. रिटर्नच मुदतीनंतर गेलं तर १,१२,८४० रुपये कर, त्यावर व्याज आणि पाच हजार शुल्क भरावं लागेल.’ तीन शक्यता, तीन आकडे, विशेषण एकही नाही. पहिल्या आकड्याचा हिशेब सोपा आहे: पन्नास हजारांचा हप्ता कंपनीनं धरलेला नव्हता, त्यावरचा तीस टक्के कर आणि उपकर जास्त कापला गेला होता.

साहेबांचं उत्तर लगेच आलं. ‘साहेब, ही सरळसरळ धमकी आहे.’

मी म्हटलं, यात धमकी कुठं आहे, ही बेरीज-वजाबाकी आहे. ते म्हणाले, तीच तर. पाच हजारांचा दंड म्हणालात तेव्हा वाटलं सीए बोलतोय. आता वाटतंय गणित बोलतंय. गणिताला काय कारण सांगणार? त्या रात्री पुण्यात कपाटाचं कुलूप बाहेरून किल्लीवाला बोलावून उघडलं गेलं. पावती निघाली. ती फोटो काढून आली, तिरकी आली, हप्त्याच्या आकड्यावर वडिलांचा अंगठा आला. पुन्हा मागवली. दुसऱ्या फोटोत अंगठा हलला आणि पॉलिसी क्रमांक झाकला गेला. दोन्ही फोटो जोडून एक पूर्ण पावती झाली.

तेव्हापासून माझी आठवण करून द्यायची पद्धत हीच. सर्वांना एकदम काही पाठवायचं नाही. ज्याचं काय राहिलंय तेवढंच, एका वेळी एक कागद, आणि तो न आल्यास त्याच्याच खिशातून किती जाणार तो आकडा. ‘सर्व आवश्यक कागदपत्रे’ असं लिहिलं की माणूस आधी आवश्यक म्हणजे काय यावर विचार करतो, मग सर्व म्हणजे किती यावर, आणि तेवढ्यात झोपतो. ‘कोणत्या बँकेचं व्याज प्रमाणपत्र’ हे नाव घेऊन मागितलं की त्याला कळतं की आपलं पितळ कुठं उघडं पडलंय. आणि तारीख सरकारची सांगायची नाही, माझी सांगायची. सरकारची तारीख वाढते. माझा आर्टिकलशिपचा मुलगा शुक्रवारी परीक्षेच्या सुट्टीवर जातो, ती तारीख केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळालाही वाढवता येत नाही.

साहेबांचं रिटर्न १३ तारखेच्या रात्री गेलं. राहिली पडताळणी. आधारशी जोडलेल्या फोनवर ओटीपी येतो, तो स्वतः पोर्टलवर घालून तीस दिवसांच्या आत पडताळणी करायची, एवढं मी लिहिलं. उत्तर आलं, ‘ओटीपी कोणालाही सांगू नका असं बँकेनं सांगितलंय.’ मी म्हटलं, मला सांगूच नका, पोर्टलला सांगा. साहेबांनी दोन दिवस विचार करून पोर्टलवर विश्वास ठेवला.

१५ सप्टेंबरच्या रात्री, बारा वाजायला थोडाच वेळ असताना, मुदत आणखी एका दिवसानं वाढली, १६ सप्टेंबरपर्यंत. त्याच पत्रकात असंही होतं की आवश्यक बदल करण्यासाठी पोर्टल रात्री बारा ते अडीच बंद राहील. म्हणजे वाढवून मिळालेल्या चोवीस तासांतले पहिले अडीच तास पोर्टलनंच घेतले. मला त्या क्षणी खात्याबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. आपल्यासारखंच हेही ‘नाळे बा’ची पाटी लावून बसलंय. सकाळी उठून बघतो तर ज्यांचे कागद आले नव्हते त्या सगळ्यांचे मेसेज आले होते, पुन्हा तोच हसरा चेहरा, ‘म्हटलं होतं ना?’

साहेबांचे मेसेज मात्र त्यानंतर सुरू झाले. पहिला तिसऱ्या दिवशी आला. ‘साहेब, परताव्याचं काही कळलं का? घाई नाही.’ पुढचा त्याच आठवड्यात. ‘सहज विचारलं.’ मग एकदा, ‘तुम्ही बिझी असाल, सवडीनं बघा.’ मग नुसतं, ‘साहेब?’ मी रात्री जेवताना, गाडी चालवताना, दाढी करताना पोर्टल उघडून बघू लागलो. दंड नाही, मुदत नाही, मोठा आवाज नाही, आणि तरी मी पंधरा हजार सहाशे रुपयांसाठी बेंगळुरूच्या त्या केंद्राकडे मनोमन हात जोडत होतो. परतावा जमा झाला त्या दिवशी त्यांनी आभार मानले, मी सुटकेचा श्वास घेतला, आणि मग शांतपणे बसून त्यांचे सगळे मेसेज वरपासून खालपर्यंत एका फाईलीत उतरवून काढले. यंदा जूनमध्ये मी ते एकेक करून, क्रम न बदलता, त्यांनाच पाठवणार आहे. सुरुवात ठरलेली आहे: ‘साहेब, फॉर्म सोळाचं काही कळलं का? घाई नाही.’